मृत्यू दाव्याची रक्कम मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 4 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. शाखाधिकारी,
भारतीय आयुर्विमा महामंडळ,
शाखा बार्शी, जि. सोलापूर.

अर्जदार : श्रीमती मंगल दत्तात्रय काशीद, रा. उपळाई रोड, बार्शी

विषय : पॉलिसी क्र. 985204617, विमेदार कै. दत्तात्रय मारुती काशीद यांच्या मृत्यू दाव्याबाबत.

महोदय,

माझे पती दत्तात्रय काशीद यांचे 11 जुलै 2025 रोजी पहाटे राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ मिळाला नाही. शेजारच्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासले, त्यांचा दाखला जोडला आहे.

वरील पॉलिसी 28 जून 2011 पासून चालू असून विमा रक्कम रु. 3,00,000 आहे. नॉमिनी म्हणून माझे नाव आहे. पॉलिसीवर कर्ज काढलेले नाही. डिसेंबर 2024 पर्यंतचे सहामाही हप्ते वेळेवर भरले आहेत. 28 जूनचा हप्ता मात्र राहिला. पेरणीच्या गडबडीत ते "पुढच्या आठवड्यात भरतो" म्हणत होते. मृत्यू सवलतीच्या मुदतीत झाला असल्याने पॉलिसी चालू धरावी आणि तो हप्ता दाव्याच्या रकमेतून वजा करून घ्यावा.

नावाचा एक फरक आधीच सांगते. पॉलिसीवर "दत्ता मारुती काशीद" आहे, आधार आणि मृत्यू दाखल्यावर "दत्तात्रय". घरीदारी सगळे त्यांना दत्ताच म्हणत, फॉर्म भरताना तेच लिहिले गेले. जन्मतारीख पॉलिसीवर आणि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे, 1 जून 1972. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयात करून घेतले आहे.

सोबतची कागदपत्रे :

1. मृत्यू दाखला, बार्शी नगरपरिषद, 21 जुलै 2025 (मूळ)
2. पॉलिसी बाँड (मूळ). पहिल्या पानाचा कोपरा भिजलेला आहे, नंबर व सही स्पष्ट दिसते.
3. दावा अर्ज, माझ्या सहीसह
4. डॉक्टरांचा दाखला
5. पतीचे आधार, पॅन व शाळा सोडल्याचा दाखला (झेरॉक्स)
6. माझे आधार, पॅन व रेशनकार्ड (झेरॉक्स)
7. नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र (मूळ)
8. माझ्या एकटीच्या नावावरील बचत खात्याचे पासबुक (झेरॉक्स), रद्द केलेला चेक व एनईएफटी फॉर्म
9. डिसेंबर 2024 च्या हप्त्याची पावती

झेरॉक्सवर मी सही केली आहे, पडताळणीसाठी मूळ कागद बरोबर आणले आहेत.

विमा रक्कम व जमा झालेला बोनस माझ्या खात्यावर जमा करावा, ही विनंती. धाकटी मुलगी बारावीला आहे, तिच्या पुढच्या प्रवेशाची सोय याच पैशांवर आहे. आणखी कागद लागल्यास एकदाच सगळे लेखी कळवावे. ज्या एजंटनी पॉलिसी काढून दिली त्यांनी हे काम सोडले आहे, म्हणून मला कळवायचे ते थेट दावा अर्जातील माझ्या मोबाइलवर कळवावे.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच द्यावी.

आपली विश्वासू,
(सही)
श्रीमती मंगल दत्तात्रय काशीद