विषय: जूनमधला रेफ्रिजरेशन कोर्स, आणि त्यातून आपल्या प्लांटचे पैसे कसे सुटतील

साहेब नमस्कार,

मेल लांब झालाय, आधीच सांगतो. शिफ्टवर उभ्याउभ्या बोललो की माझं अर्धं राहून जातं, म्हणून लिहिलं. चहा घेताना वाचा, तुम्ही म्हणाल तेव्हा केबिनमध्ये येतो.

गेल्या वर्षी मी ह्याच कोर्सचं विचारलेलं तेव्हा म्हटलेलं की मला शिकायला मिळेल, सर्टिफिकेट मिळेल, पुढे ग्रेड वाढेल. तुम्ही हसून म्हणालात, "आणि मग गोव्याला जाशील." तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर विचार केला की ह्यात कंपनीचं काय ते मी एका शब्दाने सांगितलंच नव्हतं, मग कंपनीने पैसे का द्यावेत. म्हणून ऑक्टोबरपासून मी लॉगबुकातनं आकडे काढत बसलोय, तेच आता देतो.

पहिलं म्हणजे लाइट बिल. सीझनला महिन्याला साधारण 14 लाख येतं, त्यातले कंप्रेसरच्या सबमीटरवरचे 7 लाखांच्या आसपास. आता आपला डिस्चार्ज प्रेशर बघा. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या पानांवर दुपारच्या शिफ्टला 185 पीएसआय दिसतो, ह्या ऑक्टोबरला तोच 210. महिना तोच, प्लेट फ्रीझर तेवढेच, मालही जवळपास तेवढाच. अमोनियाच्या टेबलात बघितलं तर 185 म्हणजे साधारण 36 डिग्री आणि 210 म्हणजे 40 डिग्री, म्हणजे आपण चार डिग्री वर चाललोय. कंडेन्सिंग एक डिग्री वर गेलं की कंप्रेसर दोन ते तीन टक्के जास्त वीज खातो, हे ह्या लाइनमधलं सगळ्यांना माहीत असलेलं गणित आहे. मी कमीत कमी धरतो, दोनच टक्के. चार डिग्रीचे आठ टक्के, सात लाखांवर 56 हजार. महिन्याला. हे सगळेच्या सगळे वाचतील असं मी म्हणणार नाही, कारण ह्या ऑक्टोबरला उकाडाही जास्त होता आणि थोडा फरक त्याचाही असणार. तिसरा हिस्सा वाचला तरी महिन्याला 18 हजारांच्या वर जातात.

प्रेशर का चढलाय ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. कंडेन्सरच्या ट्यूबवर क्षार चढलाय हे डोळ्यांनी दिसतं, बोअरचं पाणी आपलं कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. पण मला हवेचाही संशय आहे. प्लेट फ्रीझर उणे 40 ला चालतात, अमोनिया उणे 33 ला उकळतो, म्हणजे त्याच्या खाली गेलं की लो साइड व्हॅक्यूममध्ये जाते आणि ग्लँड जरा जरी ढिली असली तरी अमोनिया बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते. वास येत नाही म्हणून कुणाला कळत नाही. ती हवा फिरत फिरत कंडेन्सरला जाऊन बसते आणि प्रेशर चढवते. आता क्षार किती आणि हवा किती हे वेगळं करून बघायची पद्धत असते, लिक्विडचं टेंपरेचर घ्यायचं आणि टेबलातल्या प्रेशरशी ताडून बघायचं, एवढं मी वाचलंय. पण वाचून अमोनियाच्या लाइनला हात लावणारा मी नाही. अण्णांनी तीस वर्षं प्लांट चालवला, त्यांना कंप्रेसरच्या आवाजावरून कळायचं काय बिघडलंय, ते रिटायर झाले आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेलं. आपल्याकडे लिहिलेलं काहीच नाही.

दुसरं कॉन्ट्रॅक्टरचं. वर्षभरात कोल्हापूरच्या माणसाला सात वेळा बोलावलं, दर खेपेला 12 हजार. सगळे जॉबकार्ड मी काढून बघितले. तीन कामं खरोखर त्याचीच होती, ती आपल्याला कधीच जमली नसती. उरलेली चार म्हणजे एकदा ऑइल ड्रेन, दोनदा हवा काढणं आणि एकदा सोलेनॉइडची कॉइल. 48 हजार झाले चार कामांचे.

त्यातल्या कॉइलचं तर तुम्हाला आठवतच असेल. ऑगस्टमध्ये बंदी उठून बोटी नुकत्या लागलेल्या, पहिल्याच आठवड्यात सहा टन कोळंबी आत आली आणि प्लेट फ्रीझर दोन नंबर थंडच होईना. आम्ही तिघं रात्रभर व्हॉल्व्ह चाचपत बसलो, आंबा घाटात झाड पडलेलं म्हणून कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, आणि वीस मिनिटांत कॉइल बदलून निघून गेला. तोवर माल बर्फावर. ग्रेड उतरला, किलोमागे 15 रुपये कमी आले, म्हणजे 90 हजार तिथे गेले, बर्फाचा आणि ओव्हरटाइमचा खर्च वेगळा. कॉइल आपल्या स्टोअरमध्ये पडलेली होती हो साहेब! फक्त तीच जळलीय हे ओळखणारा त्या रात्री कोणी नव्हता, मीसुद्धा नाही.

आता कोर्सचं. पाच दिवसांचा आहे, पुण्यात, सोमवार 15 जून ते शुक्रवार 19 जून. ब्रोशर जोडलंय, त्यातलं दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचं तेवढं बघा, कंडेन्सरचा परफॉर्मन्स तपासणं, हवा काढणं, ऑइल काढायची सुरक्षित पद्धत, डीफ्रॉस्टचं टाइमिंग, आणि संध्याकाळच्या पीक रेटच्या आधीच कोल्ड स्टोरेज खाली आणून त्या वेळात लोड कसा कमी ठेवायचा ते. पहिल्या दिवशीची थिअरी बरीचशी मला येते आणि पाचव्या दिवशी नुसती परीक्षा आहे, ते दोन दिवस आपल्या उपयोगाचे असं उगाच सांगणार नाही.

फी 38,000, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 6,840, झाले 44,840. जाण्यायेण्याचं आणि खाण्याचं 5,000 धरलंय, एसटीने जाईन, राहायला मावशीकडे कोथरूडला, त्यामुळे लॉजचा खर्च नाही. एकूण 49,840. अकाउंट्सला विचारलं तर जीएसटीचं क्रेडिट मिळायला हवं म्हणाले, पण मी ते हिशोबात धरलेलं नाही, मिळालं तर तेवढं वरचं. महिन्याला 18 हजार वाचले तर तीन महिन्यांत पैसे परत. आणि विजेचं माझं सगळं गणित चुकलं, एक पैसा वाचला नाही असं धरलं, तरी त्या चार कॉन्ट्रॅक्टर खेपांमध्येच जवळपास तेवढे जातात.

तारखा मुद्दाम बघितल्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, प्लांटला नवीन माल नाही, फक्त कोल्ड स्टोरेज चालू. तेवढ्या पाच दिवसांपुरतं दोघे ऑपरेटर सांभाळतील, दोघांशी बोललोय, धाकट्याला 17 तारखेला लग्नाला जायचंय तर तेवढा दिवस मोठा डबल करेल. आणि आपलं वार्षिक ओव्हरहॉलिंग जूनच्या शेवटच्या आठवड्यात असतं, म्हणजे शिकून आल्या आल्या कंडेन्सर उघडलेला हाताखाली मिळेल. डिसेंबरची बॅच पण आहे, पण भर सीझनमध्ये मला सोडा असं मीच तुम्हाला म्हणणार नाही.

सेफ्टीचं मी पैशांत मांडत नाही. अमोनिया हवेत 300 पीपीएम झाला तर तिथे उभं राहणं जिवावरचं असतं, आणि ऑइल ड्रेन हे कामच असं आहे की तिथे चूक झाली की गॅस थेट तोंडावर. आपण ते काम अण्णांनी दाखवलेल्या अंदाजाने करतो, लेखी पद्धत नाही. ऑडिटवाल्याने गेल्या खेपेला नेमकं तेच विचारलं आणि आपण उद्या देतो म्हणून वेळ मारून नेली, तो पुढच्या वेळेला विचारणारच. कुंपणाच्या पलीकडे वाडी आहे, हे वेगळं सांगायला नको.

परत आल्यावर काय करेन ते लिहून देतो. पंधरा दिवसांत ऑइल ड्रेन, हवा काढणं आणि गळती झाली तर काय करायचं ह्या तिन्हींच्या पद्धती मराठीत लिहून, लॅमिनेट करून मशीनरूममध्ये लावेन, आणि दोघा ऑपरेटरना प्रत्यक्ष करून दाखवेन, म्हणजे पुन्हा सगळं एकाच माणसाच्या डोक्यात अडकून राहायला नको. ऑगस्टपासून दर महिन्याच्या पाच तारखेला तुम्हाला एक पान देईन, डिस्चार्ज प्रेशर, सबमीटरची युनिटं, किती टन फ्रीझ केलं आणि टनामागे किती युनिटं पडली. टनामागचा आकडा मुद्दाम, नाहीतर माल कमी आला म्हणून बिल कमी आलं आणि मी कॉलर ताठ केली असं व्हायचं.

राहिला गोव्याचा प्रश्न. मला फायदा नाही असं नाही, सर्टिफिकेटवर नाव माझंच येणार. म्हणून दोन वर्षं सोडणार नाही असं लिहून देतो, मधेच गेलो तर राहिलेल्या महिन्यांच्या हिशोबाने फीचे पैसे पगारातून कापून घ्या. कागद एचआरने बनवावा, मी सही करतो. पगारवाढीचं ह्या मेलमध्ये काही मागत नाहीये, तो विषय एप्रिलमध्ये झाला.

एवढे पैसे एकदम नको वाटत असतील तर अर्धी फी कंपनीने आता द्यावी, अर्धी मी भरतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या तीन पानांवर टनामागची युनिटं मागच्या वर्षीपेक्षा पाच टक्के तरी कमी दिसली तर माझी अर्धी परत करा, नाही दिसली तर गेली माझी. घरी विचारलंय, चालेल म्हणाली, म्हणजे तोंड वाकडं करून का होईना पण म्हणाली.

ऑनलाइन दोन दिवसांचा एक आहे 9 हजारांचा, तोही बघितला, पण त्यात मशीनला हात लावायला मिळत नाही, नुसत्या स्लाइड. आपली अडचण हाताची आहे त्यामुळे तो मला पटत नाही.

मालक शनिवारी मुंबईहून येतायत असं ऐकलं. त्यांच्याकडे विषय काढलात तर कोळंबीच्या रात्रीपासूनच सुरू करा, त्यांना ती चांगली आठवते. लॉगबुकाच्या दोन्ही ऑक्टोबरच्या पानांचे फोटो आणि सातही जॉबकार्ड जोडलेत. सीट 20 मे पर्यंत धरून ठेवतो म्हणालेत, म्हणून 16 पर्यंत हो की नाही कळलं तर बरं. ह्या आठवड्यात माझी नाइट आहे, सकाळी सहाला सुटतो, पण तुम्ही येईपर्यंत थांबेन.

दत्ता
रेफ्रिजरेशन सेक्शन