फळ्यावरचे कार्यक्रम : कॅलेंडरमध्ये टाकायची यादी, ऑगस्ट-सप्टेंबर २०२५

रविवार, २७ जुलै २०२५

जिभाऊ, नमस्कार.

चिंगीने काल पाठवलेले वाचनालयाच्या फळ्याचे तिन्ही फोटो मिळाले. काचेवर ट्यूबलाईट चमकतेय, खालच्या खडूच्या ओळींवर कुणाचा तरी खांदा टेकलेला दिसतोय आणि उजवी कड दोन बोटं कापली गेली आहे. तरी बहुतेक सगळं लागलं. जिथे अक्षर लागलं नाही तिथे वार आणि प्रसंग बघून ठरवलं, आणि कुठे काय ठरवलं ते खाली लिहिलंय. ग्रुपवर टाकण्याआधी एकदा फळ्यासमोर उभं राहून ताडून बघा. चुकीची तारीख एकदा साठ जणांच्या मोबाईलात गेली की ती पुसायला कुणाकुणाच्या घरी जाणार?

३ ऑगस्ट, रविवार आणि ४ ऑगस्ट, सोमवार. कानबाई. वाचनालय दोन्ही दिवस बंद. नागपंचमी परवा मंगळवारी, म्हणजे तिच्या नंतरचा रविवार तोच. बरोबर आहे. स्थापना आणि विसर्जन अशा दोन वेगळ्या नोंदी केल्यात. दोन दिवसांची एकच नोंद केली तर सोमवार गळण्याची भीती, आणि सोमवारीच कुणीतरी पुस्तक बदलायला येऊन कुलूप बघून जातं.

१२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी १०. ग्रंथपाल दिन, जुन्या पुस्तकांची मांडणी. डॉ. रंगनाथन यांचा जन्म १२ ऑगस्ट १८९२ चा, त्यामुळे तारखेत शंका नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार, दुपारी ३. बालकवी जयंती, शाळेतल्या मुलांचं कवितावाचन. फळ्यावर नुसतं '३ वा.' आहे. मुलं पहाटे तीनला येणार नाहीत म्हणून दुपार धरली. खाली 'धरणगावचे सुपुत्र' असं कुणीतरी हौसेने लिहिलंय, ते नोंदीत घेतलं नाही. नाव लांबलं की मोबाईलच्या पडद्यावर पहिले चारच शब्द दिसतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी ७.४५. झेंडावंदन. '४५' मधला चार पुसट आहे. मी तीनदा फोटो मोठा करून बघितला, ७.१५ वाटत नाही. तरी विचारून घ्या, कारण या एका कार्यक्रमाला उशीर कुणी माफ करत नाही.

१५ ऑगस्टची रात्र. विठ्ठल मंदिरात कृष्णजन्म. इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. फळ्यावर '१५/८ रात्री १२ वा.' आहे. आपल्या बोलण्यात ते अगदी चोख आहे, कारण शुक्रवारी जेवणं आटोपून निघायचं हे सगळ्यांना कळतं. मोबाईलला कळत नाही. त्याच्या हिशेबी रात्री बाराला तारीख बदलते, म्हणजे '१५ ऑगस्ट, १२' असं टाकलं तर ती गुरुवारची रात्र होते, आणि लोक एक दिवस आधी मंदिराच्या पायऱ्यांवर येऊन बसतील. म्हणून नोंद शुक्रवार १५ च्या रात्री ११.३० पासून शनिवार १६ च्या १२.३० पर्यंत केली आहे. आठवण साडेदहाला वाजेल अशी ठेवा.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी ११. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, व्याख्यान. हा कापलेल्या कडेचा कागद. फोटोत 'रवि. १७/' एवढंच आलंय, महिना बाहेर राहिला. १७ ऑगस्टला रविवार आहे, १७ सप्टेंबरला बुधवार. तेव्हा ऑगस्टच. शिवाय कामगंध सापळे लावायचं बोलणं पात्या-फुलं धरली तेव्हा कामाचं, बोंडं भरल्यावर नाही. व्याख्यात्यांचं अर्धं नाव दिसतंय, अर्ध्या नावाने नोंद करणं बरं दिसत नाही म्हणून नाव टाकलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. दुपारी २ नंतर बंद.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०. बहिणाबाई जयंती, गाण्यांचं वाचन. जिभाऊ, इथे फळ्यावर चूक आहे. तिथे 'शनि. २४/८' लिहिलंय. यंदा २४ ला रविवार येतो. गंमत अशी की मागच्या वर्षी, २०२४ साली, २४ ऑगस्टला शनिवार होता. म्हणजे ज्याने लिहिलं त्याने गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून तारीख-वार तसाच उतरवला. त्यात वेळही मागच्या वर्षीचीच नाही ना, तेवढं बघा. असोद्याच्या लेकीची जयंती २४ चीच, तेव्हा मी तारीख पक्की धरून वार बदलला. पण कुणी खरोखर शनिवार ठरवला असेल तर कार्यक्रम २३ ला जातो. ते मला फोटोवरून कळणार नाही.

शिवाय त्याच दिवशी बालवाचन ९ ते १०.३० त्याच खोलीत आहे. दहाला सतरंजीवर कोण बसणार, ते दोघांनी बसून ठरवा. मला विचाराल तर मुलांना उठवू नका, त्यांच्याकडूनच दोन ओव्या म्हणवून घ्या.

२७ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ११. वाचनालयाचा गणपती, स्थापना. चमकेमुळे २७ चा २१ दिसतो. शेजारी 'बुध.' स्पष्ट आहे आणि २१ ला गुरुवार आहे. चतुर्थी २७ चीच.

३१ ऑगस्ट, रविवार. वार्षिक वर्गणी भरण्याची शेवटची तारीख. दिवसभराची नोंद. त्याच दिवशी गौरी येणार, बाया घरात आणि गडी फुलं-केळीचे खुंट आणायला. पैसे घेऊन कुणी येणार नाही. आठवण दोन दिवस आधी, २९ ला वाजू द्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार, सायंकाळी ५. शिक्षक दिन, निवृत्त शिक्षकांचा सत्कार.

६ सप्टेंबर, शनिवार, दुपारी ४. अनंत चतुर्दशी, विसर्जन. संपायची वेळ रात्री ९ टाकली आहे, तशी ती ढोलवाल्यांच्या हातात.

९ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ९. हुतात्मा शिरीषकुमार स्मृतिदिन. खडूतला १ की ९ हे शेवटपर्यंत लागेना, वारही लिहिलेला नाही. पण नंदुरबारला गोळीबार झाला तो ९ सप्टेंबर १९४२ ला. प्रसंगानेच तारीख सांगितली. देवनागरी १ आणि ९ खडूने लिहिताना जरा शेपूट नीट ओढायला सांगा.

दर रविवारी सकाळी ९ ते १०.३०, बालवाचन. ३ ऑगस्टला कानबाई म्हणून सुरुवात १० ऑगस्टपासून धरली. पुढे १७, २४, ३१ ऑगस्ट आणि ७, १४ सप्टेंबर. फळ्यावर शेवटची तारीख १४ च आहे. हे खालच्या फाईलमध्ये नाही, कारण त्या फाईलला 'दर रविवारी' समजत नाही. कॅलेंडरमध्ये एकदा १० ऑगस्टची नोंद करून 'दर आठवड्याला' निवडायचं आणि १४ सप्टेंबरला थांबवायचं. ३१ ला गौरी आहेत, त्या दिवशी मुलं येतील का ते तुम्हीच जाणे.

एक कागद मी यादीत घेतला नाही. 'पुढील आठवड्यात मोफत डोळे तपासणी, वाचनालयात.' पुढील म्हणजे कधीच्या पुढील? कागदावर तारीख नाही. फोटो कालचा आहे, पण कागद कधी चिकटवला ते फोटो सांगत नाही, आणि त्याच्या एका कोपऱ्याला गंज चढलेली टाचणी दिसतेय. कदाचित तपासणी होऊनही गेली असेल. झाली असेल तर कागद काढा, नसेल तर तारीख कळवा, मी लगेच भरतो.

फळ्यावरचे तीन मोबाईल नंबरही मुद्दाम घेतले नाहीत. फळ्यावर ते गावापुरते असतात, यादीबरोबर कुठवर पोचतील सांगता येत नाही.

आता फाईल. संपायच्या वेळा फळ्यावर कुठेच नाहीत, त्या मी अंदाजाने टाकल्यात. तारखा महिना आधी, दिवस नंतर अशा आहेत, ती चूक समजून सुलट्या करू नका. मी पहिल्यांदा आपल्या पद्धतीने 12/8 लिहिलं होतं, तर ग्रंथपाल दिन थेट ८ डिसेंबरला जाऊन बसला आणि कानबाई मार्च महिन्यात आली. ज्या नावात स्वल्पविराम आहे त्याभोवतीची अवतरणचिन्हं तशीच राहू द्या, नाहीतर नाव मधूनच तुटतं.

```
Subject,Start Date,Start Time,End Date,End Time,All Day Event
"कानबाई स्थापना, वाचनालय बंद",08/03/2025,,08/03/2025,,TRUE
"कानबाई विसर्जन, वाचनालय बंद",08/04/2025,,08/04/2025,,TRUE
"ग्रंथपाल दिन",08/12/2025,10:00 AM,08/12/2025,12:00 PM,FALSE
"बालकवी जयंती, कवितावाचन",08/13/2025,3:00 PM,08/13/2025,4:30 PM,FALSE
"झेंडावंदन",08/15/2025,7:45 AM,08/15/2025,8:30 AM,FALSE
"कृष्णजन्म, विठ्ठल मंदिर",08/15/2025,11:30 PM,08/16/2025,12:30 AM,FALSE
"बोंडअळी व्याख्यान",08/17/2025,11:00 AM,08/17/2025,12:30 PM,FALSE
"पोळा, वाचनालय बंद",08/22/2025,2:00 PM,08/22/2025,8:00 PM,FALSE
"बहिणाबाई जयंती",08/24/2025,10:00 AM,08/24/2025,11:30 AM,FALSE
"गणपती स्थापना",08/27/2025,11:00 AM,08/27/2025,12:00 PM,FALSE
"वर्गणीची शेवटची तारीख",08/31/2025,,08/31/2025,,TRUE
"शिक्षक दिन, सत्कार",09/05/2025,5:00 PM,09/05/2025,6:30 PM,FALSE
"गणपती विसर्जन",09/06/2025,4:00 PM,09/06/2025,9:00 PM,FALSE
"शिरीषकुमार स्मृतिदिन",09/09/2025,9:00 AM,09/09/2025,10:00 AM,FALSE
```

हे वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये चिकटवा, `falak.csv` नावाने ठेवा आणि ठेवताना एन्कोडिंगमध्ये UTF-8 निवडा, नाहीतर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह करू नका, ते तारखांची मांडणी आपल्या मनाने बदलतं. मग गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये Import & export. मोबाईलच्या ॲपमध्ये ही सोय नाही, कॉम्प्युटरवरच करावं लागेल. आधी 'वाचनालय' नावाचं वेगळं कॅलेंडर तयार करून त्यातच भरा. काही बिघडलं तर ते एक कॅलेंडर काढून टाकता येतं, तुमच्या स्वतःच्या नोंदींना धक्का लागत नाही.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी वरची यादी मोठ्या अक्षरात छापून फळ्यावरच लावा. माझी शेरेबाजी तेवढी वगळा.

तर चार गोष्टी कळवा : झेंडावंदनाची वेळ, बहिणाबाई जयंती शनिवारी की रविवारी आणि किती वाजता, ३१ ला बालवाचन आहे का, आणि डोळे तपासणीचं काय. मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर कानबाईच्या आधी सगळ्यांकडे पोचेल. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने येतोय, रोटाला हजर आहे. चिंगीला सांगा, पुढच्या वेळी फोटो दुपारी, ट्यूबलाईट बंद करून काढ, आणि चारही कोपरे येऊ दे.

तुमचा पुतण्या