डावा गाल

कराड आगाराच्या विश्रांतीगृहात गुरुवारी दंततपासणीचे शिबिर आहे आणि प्रत्येक चालक-वाहकाने ड्यूटी संपल्यावर तोंड दाखवूनच घरी जायचे आहे, अशी सूचना फळ्यावर लागली तेव्हा दिनकरने ती वाचली आणि खिडकीतून पिंक टाकून तो कॅश भरायला निघून गेला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने डोळ्यांची, रक्तदाबाची आणि साखरेची अशी अनेक शिबिरे पाहिली होती. रांगेत उभे राहायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती शर्टाच्या खिशात धुऊन टाकायची, हा त्याचा शिरस्ता होता.

गुरुवारी सकाळची ढेबेवाडी फेरी करून तो परतला, हिशोब दिला आणि तोंड खळखळून धुऊन रांगेत बसला. तपासणारी डॉक्टर पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिने कपाळाला दिवा बांधला होता, हातात छोटा आरसा होता आणि चेहरा मास्कमागे असल्यामुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. "मोठ्ठा आ करा," ती म्हणाली. दिनकरने आ केला. तिने आपली तीन बोटे उभी धरून त्याचे तोंड पुरेसे उघडते का ते पाहिले, मान डोलावली आणि काहीही न विचारता खालचा ओठ डावीकडे हलकेच ओढून धरला.

"तंबाखू इथे ठेवता ना?"

दिनकर दचकला. तोंड तर त्याने दोनदा धुतले होते.

डॉक्टरने दुसरा, मोठा आरसा त्याच्या हातात दिला आणि दिव्याचा झोत जागेवर धरला. बावीस वर्षे ज्या जागेवर त्याची जीभ दिवसातून शंभरदा जाऊन येत होती, ती जागा त्याने पहिल्यांदा पाहिली. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात, कातडे पांढरे पडले होते आणि त्याला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईची बोटे पाण्याने होतात तसे. त्या शेजारच्या दोन दातांवरून हिरडी खाली सरकली होती आणि मुळे पिवळी, उघडी दिसत होती. उजवीकडचा गाल मात्र गुलाबी होता. एकाच तोंडात दोन माणसांचे गाल असावेत तसे ते दिसत होते.

"कॅन्सर हाय का हा?" त्याने आवाज खाली घेऊन विचारले, कारण मागे रांगेत चालक पवार बसला होता.

"नुसतं बघून तसं सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही," डॉक्टर म्हणाली. "असे चट्टे काही जणांत पुढे कॅन्सरकडे जातात, काहींत जात नाहीत. यात लाल भाग नाही, ही चांगली गोष्ट आहे. तंबाखू आजपासून पूर्ण बंद करा. सहा आठवड्यांनी मला दाखवा. चट्टा मागे हटला नाही, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू." मग तिने विचारले, "सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळाने लागते?"

पहाटेची ड्यूटी असली की साडेचारला डोळे उघडल्याबरोबर, चहाच्या आधी. तिने ते लिहून घेतले आणि चार मिलिग्रॅमच्या निकोटिनच्या गमची चिठ्ठी दिली. गम चॉकलेटसारखा सारखा चघळायचा नाही, दोन-चार वेळा चावून चव सुटली की गालात ठेवून द्यायचा आणि तोंडात असेपर्यंत चहा प्यायचा नाही, हे तिने दोनदा समजावले.

"गालातच ठेवायचा?" दिनकर कसनुसे हसला.

"हो. उजव्या."

दिनकरच्या तंबाखूला एक वेळापत्रक होते, आणि ते आगाराच्या वेळापत्रकापेक्षा अधिक काटेकोर होते. कराडच्या स्थानकावरून गाडी सुटली की चचेगावापर्यंत तिकिटे, विंगच्या अलीकडे सवलतीची आणि पासवाली मंडळी उरकायची आणि विंग सोडले की आपल्या जागेवर बसून पुडी उघडायची. डाव्या तळहातावर चिमूट, चुनाळ्यातून नखाएवढा चुना आणि त्यावर उजवा अंगठा. ते मळणे दोन-तीन मिनिटे चाले. शेवटी तळहातावर दोन थापा मारून तो भुकटी उडवत असे, आणि त्या दोन थापा ऐकून चालक पवार समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता डावा हात मागे पसरत असे. अकरा वर्षे एकत्र काम केलेल्या या दोघांत डबल बेलइतकाच हा इशाराही ठरलेला होता. पवारला त्याचा वाटा देऊन दिनकर आपला बार गालात भरे, आणि तिथून तळमावल्यापर्यंत त्याचे बोलणे बंद होई. कोणी काही विचारले तर तो मान वर करून, खालचा ओठ पुढे काढून 'उं' म्हणे आणि उरलेले बोटांनी सांगे. त्या वाटेवरच्या लोकांना त्याची बोटांची भाषा चांगली कळत असे.

शुक्रवारी विंग सोडले आणि दिनकर जागेवर बसला. खिशात पुडी नव्हती. चुनाळे मात्र होते, ते त्याला टाकवले नव्हते. पितळेचे, वडिलांच्या वेळचे, झाकणाला साखळी असलेले. त्याने गमची एक गोळी तोंडात टाकली आणि तिखट पाणी सुटल्यावर उजव्या गालात सारली. अंगठ्याला मात्र काम उरले नाही. तो आपोआप डाव्या तळहातावर फिरू लागला, तेव्हा दिनकरने हात झटकले आणि तिकीट मशीन मांडीवर घेऊन विनाकारण पुसायला सुरुवात केली. पवारचा हात मागे आला. रिकामा पसरलेला तो हात क्षणभर तसाच राहिला आणि परत स्टिअरिंगवर गेला. पवार काहीच बोलला नाही. तळमावल्याला उतरून त्याने टपरीवरून स्वतःची पुडी घेतली, आणि दिनकरला त्याचे तंबाखू सोडण्यापेक्षाही जास्त वाईट वाटले.

पहिल्या आठवड्यात त्याची झोप उडाली, पोट साफ होईना आणि सुट्ट्या दोन रुपयांवरून एका भल्या माणसाशी असे भांडण झाले की सगळी गाडी गप्प झाली. तलफ मात्र डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे लाटेसारखी येई आणि चार-पाच मिनिटांत ओसरे. तेवढी मिनिटे काढण्यासाठी तो बोलू लागला. पुढचा थांबा ओरडून सांगणे, चढणाऱ्याला आत सरकायला सांगणे, म्हाताऱ्यांना सीट मिळवून देणे, ही कामे तो बोटांनी करत आला होता, ती आता तोंडाने होऊ लागली. शाळेत जाणारी एक मुलगी, जी दोन वर्षे रोज पास दाखवून बसत होती, तिने एकदा मैत्रिणीला हळूच विचारले, "अगं, हे कंडक्टर काका बोलतात?" ते दिनकरने ऐकले.

खरी अडचण गाडीत नव्हती, घरात होती. त्याची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि लग्न होऊन आल्यापासून मिशरी लावत होती. दर चार दिवसांनी संध्याकाळी ती लोखंडी तव्यावर तंबाखू भाजायची. पान काळे पडू लागले की त्याचा उग्र, खमंग धूर सोप्यापर्यंत येई. सुनेला ठसका लागे, नातवंडे नाक धरून अंगणात पळत. दिनकरला त्या वासात कधी काही वावगे वाटले नव्हते. बाराव्या दिवशी तो ड्यूटीवरून आला आणि दारातच त्या धुराने त्याला गाठले. तोंडात पाणी सुटले, ते नेमके डाव्या बाजूला. रात्री सगळे निजल्यावर तो उठला, कोनाड्यातली मिशरीची डबी उघडली आणि चिमूटभर काळी भुकटी त्याने गालात सारली. डोके गरगरले, आणि त्याच वेळी जिभेने सवयीने चट्टा चाचपला. तो आता तिला नाण्याएवढा, सुरकुतलेला, पांढरा असाच लागत होता. आरशात पाहिल्यापासून जिभेलाही डोळे फुटले होते. त्याने मोरीत थुंकून तोंड धुतले, आणि पाणी पिऊन सकाळपर्यंत जागाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत त्याने पवारच्या पुडीवरचा 1800-11-2356 हा नंबर लावला. पुडीवरचे ते सडक्या तोंडाचे चित्र दोघांनीही वर्षानुवर्षे अंगठ्याखाली झाकले होते, त्याखाली फोन नंबर आहे हे पवारलाही ठाऊक नव्हते. पलीकडच्या माणसाने फारसा उपदेश केला नाही. घरात तंबाखू कोण खातो, ती कुठे ठेवलेली असते आणि तुम्ही त्यांच्याशी बोललात का, एवढेच त्याने विचारले.

दिनकर बोलला नव्हता. आईपुढे असला विषय काढणे त्याच्याच्याने होईना. शेवटी त्याने मोबाइलचा दिवा लावला, आईसमोर बसून खालचा ओठ ओढला आणि तिला गाल दाखवला. आई चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली.

"माझ्याबी तोंडात असलंच हाय," ती म्हणाली. "वरच्या बाजूला. लई वर्सं झाली."

त्या दिवसापासून तिने तवा घरात चढवला नाही. ती परड्यात, शेणीच्या उडवीपलीकडे तीन दगड मांडून मिशरी भाजू लागली आणि डबी कनवटीला ठेवू लागली.

सहा आठवड्यांनी दिनकर दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टरने मोजपट्टी लावून चट्टा पाहिला. तो निम्म्याहून लहान झाला होता आणि कडा पुसट झाल्या होत्या. तुकडा काढायची आज गरज नाही, पण महिन्याने परत या, असे तिने सांगितले. हिरडी मात्र जिथे गेली तिथेच राहणार होती. गमच्या गोळ्या दिवसाला दहावरून चारवर आल्या होत्या. दिनकरने उठता उठता विचारले, "घरातलं म्हातारं माणूस आणलं तर बघाल का?"

पुढच्या गुरुवारी तळमावल्याच्या थांब्यावर आई उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, नवे लुगडे. पवारने गाडी तिच्या पायाशी नेऊन उभी केली. दिनकरने तिला हात देऊन वर घेतले, पहिल्या सीटवर बसवले आणि मशीनवरची बटणे दाबली. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट असली तरी तिकीट फाडावे लागतेच. शून्य रुपयांची चिठ्ठी बाहेर आली.

"आधार कार्ड?" तो म्हणाला.

"मी तुझी आई हाय, मेल्या."

"माहीत हाय. कार्ड दाखव."

तिने कनवटीला हात घातला. आधी मिशरीची डबी निघाली, मग कार्ड. डबी तिने परत खोचली आणि त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "निस्तं दाखवाय येतिया मी. सोडणार-बिडणार काय न्हाई, आत्ताच सांगून ठिवते."

"बरं," दिनकर म्हणाला, चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि दोरी दोनदा ओढली.