भाऊंच्या खोलीबाबत पत्र

रत्नागिरी,
24 जून 2025

वहिनींना नमस्कार, चि. अमेय यास आशीर्वाद.

तेरावं होईपर्यंत खोलीचा विषय काढायचा नाही, असं ठरवलं होतं. म्हणून आज लिहितो आहे. घाई कसलीच नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑक्टोबरअखेरपर्यंत होता, पण तो भाऊंच्या एकट्याच्या नावाने होता, तो त्यांच्याबरोबर संपला. नोटिशीचा महिना किंवा उरलेल्या महिन्यांचं भाडं तुमच्याकडून घेणार नाही. भाडं 9 जूनपर्यंतच धरलं आहे. जुलैअखेरपर्यंत खोली अशीच राहू दे.

अनामत 30,000 रुपये. त्यातून जूनचे 9 दिवस, महिना 7,500 प्रमाणे 2,250, आणि महावितरणचं बिल 1,140 वजा जाता 26,610 रुपये परत द्यायचे आहेत. भिंतीला ओल आली आहे ती पावसाची, त्याचे पैसे कापायचा प्रश्नच नाही. चेक भाऊंच्या नावाने काढला तर अडकेल, मृत्यू कळल्यावर बँक खातं थांबवते. म्हणून वहिनींच्या नावाने काढतो. त्यासाठी तू आणि ताई दोघांच्या सहीचं संमतिपत्र आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत आण. कोपऱ्यावरच्या दुकानाची उधारी असेल तर ती माझ्या हिशेबात नाही. वही बघितल्याशिवाय देऊ नकोस.

सामानाला हात लावलेला नाही. मुख्य स्विच बंद केला आहे आणि गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवला आहे. फ्रिज मात्र रिकामा करून पुसून उघडा ठेवावा लागला, नाहीतर आत बुरशी धरली असती. गादी आणि पुस्तकं आमच्या माळ्यावर हलवली आहेत, कारण पागोळ्यांचं पाणी खिडकीतून आत येतं आणि या दिवसांत आठवड्यात वास मारायला लागतो. कपाटाला कुलूप आहे, ते उघडलेलं नाही. तुम्ही आलात की शेजारच्या दोघांसमोर उघडू, यादी करू आणि तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घेऊ. पासबुक, विम्याचे कागद, आधार कार्ड आधी शोध, भांड्याकुंड्यांचं मागाहून बघता येईल.

गॅसचं कनेक्शन भाऊंच्या नावावर आहे. ते वहिनींच्या नावावर करायचं की सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, ते एजन्सीला दाखला दाखवून ठरवा.

स्कूटर पडवीत आहे. ती ठेवणार असलात तर एवढं लगेच करा: मृत्यूपासून 30 दिवसांत, म्हणजे 9 जुलैच्या आत, आरटीओला लेखी कळवा आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नावावर करून घ्या. तोवर रस्त्यावर काढू नकोस. आरसी बुक बहुधा कपाटातच असेल.

येण्याआधी एक दिवस फोन कर. टेम्पो अंगणापर्यंत येत नाही, गाडी वरच्या रस्त्यावर थांबवावी लागते, त्यामुळे दोन माणसं हाताशी ठेवतो. जेवण आमच्याकडेच.

तुमचा,
बाळकाका