चीजच्या तारेचा शॉट: विश्रामबागच्या पिझ्झाची जाहिरात

काम: सांगलीत विश्रामबागेतल्या पिझ्झा हॉटेलसाठी २० सेकंदांची उभी फिल्म आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या होर्डिंगसाठी एक आडवा फोटो. पदार्थ एकच, १२ इंची मार्गारिटा. वेळ सकाळी ८ ते १, कारण दुपारनंतर किचन संध्याकाळच्या तयारीला लागतं. हे टिपण कॅमेरा, किचन आणि एडिटिंग, तिघांनीही सगळं वाचून यायचं आहे. फक्त आपापला भाग वाचून आलात तर तार हमखास तुटणार.

फ्रेममध्ये काय दिसलं पाहिजे

काळ्या कडप्प्यावर पातळ लाकडी फळी, फळीवर नुकताच भट्टीतून काढलेला पिझ्झा. उजवीकडून एक हात येतो, कडेला धरून एक तुकडा उचलतो. तुकडा आधी थोडा बाहेर सरकतो, मग वर जातो. त्याच्या दोन्ही बाजूंनी चीज ओढलं जातं: वर तुकड्याशी रुंद, जाड पडदा, मध्ये निमुळता होत गेलेला, खाली पिझ्झ्यात पुन्हा पसरलेला. पडद्यात दोन-तीन ठिकाणी भोकं पडून तिथे वेगळ्या तारा सुटतात. त्यातली एक बारीक तार थरथरते, लोंबते आणि तुटून मागे जाते. बाकीच्या टिकतात.

चीजचा रंग दुधाळ, किंचित हस्तिदंती. पिवळा नको. पिवळं दिसलं की बघणाऱ्याला पाकिटातलं प्रोसेस्ड चीज आठवतं. वरच्या थरावर ठिकठिकाणी सोनेरी-तपकिरी फोड, एखादा अजून बुडबुडणारा. फोडांच्या मध्ये टोमॅटोचा लाल सॉस डोकावतो आणि त्याच्या कडेला तेलाचे केशरी थेंब चमकतात. थेंब म्हणजे थेंब. तेलाचं डबकं दिसलं तर तो पिझ्झा बाद. तुळशीसारखी दिसणारी बेसिलची तीन पानं भट्टीतून काढल्यावर टाकायची, आत टाकली तर काळी पडतात.

कड दोन सेंटीमीटर फुगलेली, उंचसखल. फुगवट्यांच्या टोकांवर काळे ठिपके, तीन ते आठ मिलिमीटरचे, विखुरलेले. ठिपक्याभोवती गडद तपकिरी वलय, त्यानंतर सोनेरी, आणि खोलगट भागात पिठाचा फिका रंग. हे चारही रंग एकाच कडेवर दिसले पाहिजेत. सगळी कड एकसारखी तपकिरी म्हणजे बेकरीचा पाव झाला, आणि सलग काळी पट्टी म्हणजे जळका. काळेपणा कडेच्या पाव भागापलीकडे जाऊ द्यायचा नाही.

वाफ मागून उजळलेली, सरळ वर जाणारी, पातळ.

किचनसाठी: चीज

तार कुठून येते हे माहीत असलं की बाकीचं आपोआप जमतं. मोझरेला बनवताना दूध फाडून जमवलेला गोळा गरम पाण्यात ताणून मळतात, त्यामुळे त्यातली प्रथिनं एका दिशेने लांब धाग्यांसारखी लागतात. हे धागे कॅल्शियमने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. उष्णतेने ही पकड सैल होते पण सुटत नाही, म्हणून चीज तुटायच्या ऐवजी लांबतं. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेले क्षार तेच कॅल्शियम काढून घेतात. ते वितळून छान गुळगुळीत होतं, पण तार धरत नाही. चेडर चवीला उत्तम, पण या शॉटसाठी चिमूटभरही नको.

घ्यायचं ते कमी पाण्याचं मोझरेला, ब्लॉकमधलं. बनून दोन ते चार आठवडे झालेलं सगळ्यात चांगलं. अगदी ताजं असेल तर चिवट राहतं आणि पाणी सोडतं. फार जुनं झालं की धागे तुटलेले असतात आणि ते पातळ वाहतं. तयार किसलेलं पाकीट वापरू नका. तुकडे चिकटू नयेत म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरलेलं असतं, त्यामुळे वितळायला वेळ लागतो आणि पृष्ठभाग रवाळ दिसतो. पाण्यात मिळणारं ताजं मोझरेला दिसायला देखणं, पण पिझ्झ्याच्या मधोमध तळं करतं. ब्लॉक फ्रीझरमधून काढला असेल तर आदल्या रात्री नव्हे, निदान दोन दिवस आधी फ्रीजमध्ये उतरवा, नाहीतर भुगा होतो.

एका पिझ्झ्याला १६० ग्रॅम. मेन्यूतल्या पिझ्झ्यालाही १६० ग्रॅमच पडतं आणि जाहिरातीतही तेवढंच. गिऱ्हाईक टेबलावर फोन काढून तीच तार ओढून बघणार आहे, तेव्हा इथे २५० ग्रॅम घालून संध्याकाळी शिव्या खाण्यात अर्थ नाही. शिवाय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात व दाव्यांचे नियम दिशाभूल चालवून घेत नाहीत. डिंक, स्टार्चची खळ, वनस्पती तेलाचं नकली चीज, यातलं काहीही सेटवर येणार नाही. वजन तेच ठेवून जागा बदलायची मात्र मुभा आहे: जो तुकडा उचलायचा त्याच्या दोन्ही काप-रेषांवर थर थोडा जाड, समोरच्या बाजूला थोडा पातळ. जाड किस करा, बारीक नको, आणि लावेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा. थंड, जाड किस भट्टीत सावकाश वितळतो, तेवढ्यात कड भाजून होते.

सॉस ७० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. पाणचट वाटला तर चाळणीत २० मिनिटं निथळवा. ओल्या सॉसवरून चीज चादरीसारखं सरकून येतं आणि तुकडा उघडा पडतो.

कड आणि भट्टी

पीठ शूटच्या ४८ तास आधी मळून फ्रीजमध्ये. पाण्याचं प्रमाण पिठाच्या ६३ टक्के, गोळा २६० ग्रॅम. थंडीत सावकाश आंबलेल्या पिठावरच ते बारीक फोड येतात आणि फोडांचीच टोकं आधी काळी होतात. त्याच दिवशी मळलेलं पीठ कितीही भाजा, एकसारखं तपकिरी होईल. उलट फार आंबलं तर यीस्टने साखर खाऊन टाकलेली असते आणि कड शेवटपर्यंत पांढुरकी राहते. पिठात साखर घालून रंग आणायचा मोह टाळा. गोळा थापण्याआधी दीड-दोन तास बाहेर काढा. लाटणं अजिबात नाही. बोटांनी मधून बाहेर हवा ढकलायची, कडेला हात लावायचा नाही.

भट्टीची फरशी ४०० अंश सेल्सिअस. सुरुवातीला तास-सव्वा तास तापवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने तीन ठिकाणी बघा. पिझ्झा साधारण सव्वादोन ते अडीच मिनिटांत होतो. ४० सेकंद हलवायचा नाही, बूड धरू द्या, मग दर २० सेकंदांनी पाव वळसा. शेवटी फावड्यावर घेऊन घुमटाच्या जवळ १० सेकंद धरा, ठिपके तिथे गडद होतात. प्रत्येक पिझ्झ्यानंतर फरशी पितळी ब्रशने झाडा. आधीचं जळलेलं पीठ पुढच्याच्या बुडाला चिकटतं आणि कडू लागतं, शिवाय जवळच्या शॉटमध्ये काजळीसारखं दिसतं. फावड्यावर बारीक रवा चिमूटभरच.

गॅसच्या टॉर्चने कड काळी करायची सूचना कोणीतरी करेलच. नाही. टॉर्चचा डाग सपाट आणि कडा नसलेला असतो, त्याला ते तपकिरी वलय येत नाही, आणि कॅमेऱ्याला हे लगेच कळतं.

तार ओढायची वेळ

भट्टीतून निघताना चीज उकळत असतं. तेव्हाच ओढलं तर ते पातळ वाहतं आणि तुकड्यावरून घसरतं. चांगली तार ६० ते ७० अंशांच्या दरम्यान मिळते. पन्नासच्या आसपास आलं की रबर होतं आणि थाळीतून अख्खा थर उचलला जातो. मधली वेळ मिनिटाच्या आतबाहेर आहे, म्हणून क्रम पक्का ठेवा.

पिझ्झा बाहेर आला की लगेच रोलरने काप, एकाच दाबात, कडेपासून मध्यापर्यंत. मग २० सेकंद हात लावायचा नाही. या वेळात वितळलेलं चीज कापलेल्या फटीवरून पुन्हा जुळतं, खालचा बेस मात्र सुटा राहतो. तार या जोडातूनच निघते. तोवर थर्मामीटर हाक देईल. ६८ दिसलं की कॅमेरा सुरू, ६५ ला हात. तुकडा आधी पाच सेंटीमीटर बाहेर, मग तिरका वर, २५ सेंटीमीटरपर्यंत, तीन सेकंदांत. झटका दिला की तुटतं, रेंगाळलं की लोंबून फळीला टेकतं. हात ओढणाऱ्याने आधी दोन शिळ्या पिझ्झ्यांवर फक्त हालचालीचा सराव करायचा. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ नाही, हातमोजा नाही.

थंड कडप्प्यावर थेट ठेवला तर बूड घाम धरतं आणि कड मऊ पडते, म्हणून फळी. एका पिझ्झ्यावर एकच टेक. पुन्हा गरम केलेलं चीज तेल सोडतं आणि दुसऱ्यांदा तशी तार देत नाही. दहा गोळे तयार ठेवा, त्यातले सहा कॅमेऱ्यासमोर येतील असं धरून चाला.

कॅमेरा आणि उजेड

१०० मिमी मॅक्रो, एफ ५.६, कॅमेरा पिझ्झ्याच्या पातळीहून जेमतेम १५ अंश वर. वरून घेतलं तर तारेची लांबी दिसत नाही. १२० फ्रेम, शटर २४० व्या भागावर. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर साधे एलईडी लुकलुकतात, म्हणून फ्लिकर-फ्री दिवेच आणा आणि हॉटेलचे बल्ब बंद करा. मुख्य दिवा मागून डावीकडे, त्याने तारेतून उजेड आरपार जातो आणि वाफ दिसते. समोरून फक्त पांढरा थर्माकोल. फोकस तुकड्यावर नाही, तारेच्या मधल्या भागावर.

एसी २० वर ठेवून खोली आधी गार करा, मग टेकच्या वेळी एसी आणि पंखे बंद. गार हवेत वाफ ठळक दिसते, वाऱ्यात ती विस्कटते. नंतर कॉम्प्युटरवर वाफ चढवायची नाही.

होर्डिंगचा फोटो व्हिडिओतून काढायचा नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याने फ्लॅश लावून, वेगळ्या पिझ्झ्यावर. डावा एक तृतीयांश भाग काळा मोकळा सोडा, मजकूर तिथे येतो.

फिल्मचा क्रम आणि शब्द

० ते ४ सेकंद: भट्टीच्या तोंडातून कड, अगदी जवळून. एक फोड फुगतो, टोक काळं होतं. आवाज फक्त आगीचा.

४ ते ७: रोलर कडेतून जातो. कुरकुरीत आवाज वेगळा, माइक १५ सेंटीमीटरवर धरून घ्या.

७ ते १५: तार. संगीत नाही. मध्यावर एका बाईचा आवाज, घरच्यासारखा, सांगलीच्या बोलीत: "गरम हाय तवर उचला की. गार झाल्यावर काय मजा?"

१५ ते २०: तुकडा फ्रेमबाहेर, मागे तुटलेली तार पिझ्झ्यावर पडते. पडद्यावर अक्षरं: "४०० अंशांच्या भट्टीत, अडीच मिनिटांत. १२ इंची मार्गारिटा, ३४० रुपये. विश्रामबाग, सांगली. रोज संध्याकाळी ६ ते ११."

होर्डिंगवर एवढंच: "ओढा. अजून ओढा." खाली पत्ता आणि वेळ. किंमत होर्डिंगवर टाकायची नाही, ती बदलते आणि फ्लेक्स सहा महिने तिथेच लटकतो.

रंग दुरुस्त करताना चीजचा पांढरा आधी जुळवा, त्यानंतरच आगीची ऊब वाढवा. कडेचे काळे ठिपके आणखी गडद करू नका. मोबाइलच्या पडद्यावर ते आधीच एक छटा जास्त काळे दिसतात.