सोसायटीच्या गच्चीवर सोलर: खर्च किती, वाचतं किती, परवानग्या कुठे अडतात

स्लाइड 1
गच्चीवर सोलर लावायचंय?
आधी कॉमन मीटरचं बिल काढा. गच्ची नंतर मोजू.
(पुण्यातल्या 48 फ्लॅटच्या एका सोसायटीचा खरा हिशोब. मी तिथला सेक्रेटरी, त्यामुळे शिव्या पण मीच खाल्ल्यात.)

स्लाइड 2: पहिला गैरसमज
"सोलर लावलं की माझं घरचं बिल झिरो होणार ना?"
नाही हो काका. सोसायटीचं सोलर कॉमन मीटरला लागतं, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. तुमच्या फ्लॅटच्या मीटरला त्याचा काही संबंध नाही. फायदा येतो तो मेंटेनन्समधून, आणि तोही कमिटीने खरंच मेंटेनन्स कमी केला तर 😅 आमच्याकडे पहिल्या मीटिंगचा अर्धा तास एवढ्या एका मुद्द्यावर गेला म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

स्लाइड 3: आमचं बिल
12 महिन्यांची बिलं काढली. सरासरी महिन्याला 2,100 युनिट, बिल साधारण 36 हजार.
म्हणजे युनिट 17 रुपयांना पडतोय! घरी आपल्याला एवढा पडत नाही, मग इथे का? कारण सोसायटीचं कॉमन मीटर घरगुती दरातच येतं पण वापर एवढा की 500 युनिटच्या वरचा सगळ्यात महाग स्लॅब लागतो, वर वहन आकार, वर वीज शुल्क.
आता गंमत बघा. सोलरने युनिट कमी झाले की आधी हे वरचे महाग युनिट कटतात. म्हणून पहिले काही किलोवॅट सोन्यासारखे आणि शेवटचे दोन-तीन किलोवॅट जेमतेम, कारण तोपर्यंत तुम्ही खालच्या स्वस्त स्लॅबमध्ये आलेले असता. व्हेंडर हे सांगत नाही, त्याला गच्ची भरायची असते.

स्लाइड 4: किती किलोवॅट?
आपल्याकडे 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं असं सगळे सांगतात. एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त येतं, जुलै-ऑगस्टमध्ये ढग बसले की निम्म्यावर येतं. मी हिशोबाला 3.6 धरलं.
15 किलोवॅट × 3.6 × 30 = महिन्याला 1,620 युनिट.
उरले 480, ते ग्रिडचे. मुद्दाम ठेवले. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरंय पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्याचा जो दर मिळतो तो आपण भरतो त्याच्या आसपास पण नसतो. गच्ची रिकामी दिसते म्हणून 25 किलोवॅट टाकणं म्हणजे वितरण कंपनीला स्वस्तात वीज विकायचा धंदा काढणं.

स्लाइड 5: गच्ची
1 किलोवॅटला ढोबळ 100 चौरस फूट, सावली नसलेली. आमची गच्ची 4,000 फुटांची, कामाची निघाली 1,700. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, डिशच्या छत्र्या, आणि दक्षिणेला नवीन झालेली दहा मजली बिल्डिंग.
ही सावली डिसेंबरमध्ये बघा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, सगळं छान दिसतं. आम्ही डिसेंबरच्या एका शनिवारी नऊ, बारा आणि तीन वाजता खडूने सावलीच्या रेषा मारल्या. दुपारी तीनला त्या बिल्डिंगची सावली दोन ओळी खात होती, त्या दोन ओळी ड्रॉइंगमधून काढून टाकल्या. 28 पॅनल बसले.

स्लाइड 6: वॉटरप्रूफिंग आधी!!
पॅनल 25 वर्षांसाठी बसतात. तुमचं वॉटरप्रूफिंग किती वर्षांचं राहिलंय? दोन वर्षांनी गळायला लागलं तर सगळं स्ट्रक्चर उतरवा, काम करा, परत चढवा, आणि तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.
सातव्या मजल्यावरच्या काकू मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारत होत्या, "स्लॅबला भोक पाडणार का?" सगळ्यांना वाटलं उगाच खुसपट काढतायत. पण प्रश्न बरोबर होता. आम्ही स्लॅबवर काँक्रीटचे पेडेस्टल ओतून त्यावर स्ट्रक्चर घेतलं, ड्रिल केलं नाही, आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचं वजनाचं आणि वाऱ्याचं पत्र घेतलं. स्ट्रक्चर आठ फूट उंच घेतलं म्हणजे खालून वावरता येतं, वाळवणं पण घालता येतात (कडेला, जिथे ऊन येतं तिथे). उंच स्ट्रक्चर महाग पडतं, पुढे आकडा आहे.

स्लाइड 7: खर्च
15 किलोवॅट सिस्टीम, 60 हजार प्रति किलोवॅट: 9,00,000
उंच स्ट्रक्चरचे जास्तीचे: 1,20,000
एकूण: 10,20,000

सबसिडी: पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी 2024 पासून) सोसायटीच्या कॉमन वापराला प्रति किलोवॅट 18 हजार. आमचे झाले 2,70,000.
घरगुती जाहिरातीत जे 78 हजार दिसतात ते एका घराच्या 3 किलोवॅटचे आहेत, सोसायटीचा दर वेगळा. आणि सबसिडीला पॅनलमधले सेल सुद्धा भारतीय लागतात, ज्याला डीसीआर म्हणतात. एखादं कोटेशन फारच स्वस्त वाटलं तर पहिला प्रश्न हाच, डीसीआर आहे का.

सबसिडी नंतर येते. आधी सगळे पैसे तुम्हीच घालायचे. आम्ही फ्लॅटमागे 15 हजार काढले (7.2 लाख) आणि 3 लाखांची एफडी मोडली. सिंकिंग फंडाला हात लावला नाही, तो मोठ्या दुरुस्त्यांसाठी असतो आणि ऑडिटर नंतर प्रश्न विचारतो.

स्लाइड 8: वाचतं किती
1,620 युनिट × 16 रुपये = महिन्याला साधारण 26 हजार. (वरच्या स्लॅबचा दर याहून थोडा जास्तच बसतो, मी मुद्दाम कमी धरलाय.)
वर्षाला 3,10,000.
वजा पॅनल धुणं, विमा, किरकोळ: 30,000.
हातात: 2,80,000

सबसिडी न धरता 10.2 लाख वसूल व्हायला साडेतीन वर्षांच्या थोडं वर, सबसिडी मिळाली की पावणेतीन. मी मीटिंगमध्ये चार वर्षं सांगितली, कारण दर बदलतात, नियम बदलतात, आणि एखादा पावसाळा लांबतो.
तुमचं कॉमन मीटर 400-500 युनिटचंच असेल तर हा हिशोब तुम्हाला लागू नाही, तुमचा युनिट मुळात स्वस्त आहे आणि पैसे सुटायला बरीच जास्त वर्षं लागतील. दोन विंगला दोन कॉमन मीटर असतील तर दोन्हीचा हिशोब वेगवेगळा करा, एका मीटरवरचं सोलर दुसऱ्याचं बिल आपोआप कमी करत नाही.

स्लाइड 9: हे कोणी सांगत नाही
👉 लाईट गेली की सोलर पण बंद. भर दुपारी, कडक उन्हात सुद्धा. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. बॅटरी नसेल तर लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागतो.
👉 बिल झिरो होत नाही. स्थिर आकार राहतोच.
👉 पॅनलचं उत्पादन दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतं. पॅनलची वॉरंटी 25 वर्षांची सांगतात, इन्व्हर्टरची नाही. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टरसाठी लाखभर बाजूला ठेवा.
👉 धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात. आमच्या वॉचमनने पहिल्या महिन्यात नेमकं तेच केलं, आणि तेही भर दुपारी तापलेल्या काचेवर. आता सकाळी सातला, कॉर्पोरेशनच्या पाण्याने, महिन्यातून दोनदा.

स्लाइड 10: परवानग्या, आमच्याकडे ज्या क्रमाने झाल्या
तीन कोटेशन, तिघांनाही गच्चीवर बोलावून. फोनवर कोटेशन देणाऱ्याला तिथेच नमस्कार.
मग विशेष सर्वसाधारण सभा, किमान 5 पूर्ण दिवसांची नोटीस. ठरावात तीन गोष्टी नीट लिहा: किती किलोवॅट, किती पैसे कुठून, आणि सही कोण करणार. सहीचं नाव राहिलं तर परत सभा.
मग पोर्टलवर अर्ज, `pmsuryaghar.gov.in`, कॉमन मीटरचा ग्राहक क्रमांक आणि बँक खातं दोन्ही सोसायटीच्या नावावर. इथे जुन्या सोसायट्या अडकतात, मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतं! आज बिल काढून नाव बघा, नाव बदलायला वेळ लागतो.
मग वितरण कंपनीची तांत्रिक तपासणी. 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंत ती लागत नाही, त्यावर 15 दिवसांची मुदत आहे. आमचे गेले दीड महिने, आणि चूक आमची होती: मंजूर भार 12 किलोवॅट, अर्ज 15 चा. मंजूर भारापेक्षा मोठं सोलर बसत नाही. आधी भार वाढवून घेतला, मग फाईल हलली.
मग बसवणं (आमचे 9 दिवस, त्यातला एक दिवस क्रेनची वाट बघण्यात), मग अर्थिंगची तपासणी, क्षमतेप्रमाणे विद्युत निरीक्षकाचे किंवा स्वयंप्रमाणनाचे कागद, नेट मीटरिंगचा करार, आणि ग्रिडमधून घेतलेले व ग्रिडला दिलेले युनिट वेगवेगळे मोजणारं नवीन नेट मीटर.
नेट मीटर लागेपर्यंत सिस्टीम चालू करू नका. व्हेंडर म्हणतो "चालू करून ठेवू, काही होत नाही". साधं मीटर बाहेर जाणारे युनिट पण वापरलेले म्हणून मोजू शकतं आणि तुम्ही स्वतःच्याच विजेचं बिल भरता.

स्लाइड 11: व्हेंडरला हे विचारा, उत्तर लेखी घ्या
डीसीआर आहे का, सिरीयल नंबरसकट?
वर्षाला किमान किती युनिटची हमी, आणि कमी पडले तर काय?
शेवटचे 10% पैसे नेट मीटर लागल्यावर चालतील का? (इथे चेहरा बघा.)
पाच वर्षं मेंटेनन्समध्ये नेमकं काय काय येतं, धुणं येतं का?
"एक रुपया पण घालू नका, आम्ही लावतो, तुम्ही युनिटचे पैसे द्या" असं म्हणणारे पण भेटतील. वाईट नसतं ते, फक्त करार 15-20 वर्षांचा असतो, मध्येच सोडायची किंमत कुठल्या पानावर लिहिलीय ते शोधा.

कॅप्शन
आकडे आमच्या सोसायटीचे आहेत, तुमचं बिल वेगळं असेल, त्यामुळे आधी स्वतःची 12 बिलं घेऊन बसा. वीजदर बदलत राहतात म्हणून स्लाइड 8 मध्ये 16 च्या जागी तुमच्या बिलातला वरच्या स्लॅबचा दर टाका. पुण्यात चालू सोलरला मिळकत करात सवलत पण आहे, ती मी हिशोबात धरलेली नाही. कमिटीच्या ग्रुपवर टाका, आणि कॉमन मीटर कोणाच्या नावावर निघालं ते कमेंटमध्ये सांगा, माझा अंदाज आहे निम्मे बिल्डर निघतील.
#सोसायटीसोलर #कॉमनमीटर #पुणे