सिंह, नखे आणि राख : इल्मुल्-बयानचा पाठ
(एम.ए. अरबी, दुसऱ्या वर्षासाठी)

अरबी बलागाच्या तीन शाखांपैकी बयान ही मधली. एकच आशय कमी-अधिक स्पष्टपणे किती तऱ्हांनी सांगता येतो, हे ती शिकवते. परीक्षेत विद्यार्थी व्याख्या बिनचूक लिहितात आणि उदाहरण ओळखताना अडतात. म्हणून व्याख्या पाठ करण्याआधी एकच वाक्य बदलत नेऊन पाहू.

*अलिय्युन कल्-असदि फिश्-शजाअति*. अली शौर्यात सिंहासारखा आहे. तश्बीहचे चारही घटक इथे हजर आहेत. अली मुशब्बह, सिंह मुशब्बह बिही, *क* ही अदात आणि शौर्य हा वज्हुश्-शबह. आता शौर्य गाळा : *अलिय्युन कल्-असदि*. मग *क* सुद्धा गाळा : *अलिय्युन असदुन*, अली सिंह आहे.

मराठीच्या तासाला आपण याला रूपक म्हणतो, आणि इथेच घोटाळा होतो. बहुतेक अरबी शास्त्रकारांच्या मते ही अजून तश्बीहच आहे, तश्बीह बलीग. मुशब्बह आणि मुशब्बह बिही दोघेही वाक्यात उभे असतील, तोवर इस्तिआरा होत नाही. ‘रूपक म्हणजे इस्तिआरा’ असे वहीत लिहिले असेल, तर ते आजच खोडा.

इस्तिआरा होण्यासाठी दोघांपैकी एकाने जायला हवे. *रअय्तु असदन यख्तुबु*, मी एक सिंह भाषण करताना पाहिला. अली वाक्यातून गेला, सिंह उरला. ‘भाषण करताना’ हा शब्द खऱ्या सिंहाचा अर्थ अडवतो. या अडवणाऱ्या खुणेला करीना म्हणतात. मुशब्बह बिही उघड उरला, म्हणून ही तस्रीहिय्या.

उलटेही होते. अबू जुऐब अल-हुजली हा कवी मुलांच्या मृत्यूनंतर रचलेल्या शोककाव्यात म्हणतो :

*व-इजल्-मनिय्यतु अन्शबत अज्फारहा*
*अल्फय्त कुल्ल तमीमतिन ला तन्फउ*

मृत्यूने नखे रुतवली, की कोणताच ताईत कामी येत नाही. श्वापदाचे नाव ओळीत कुठेही नाही. आहेत ती फक्त नखे, आणि ती मृत्यूला दिलेली आहेत. मुशब्बह बिही लपला, त्याचे एक लक्षण मागे राहिले, म्हणून ही मक्निय्या. ओळ मोठ्याने म्हणून पाहा. ‘मृत्यू श्वापदासारखा आहे’ असे म्हटले असते, तर ऐकणारा तुलना करत बसला असता. इथे तुलनेला सवडच मिळत नाही, नखे आधीच रुतलेली असतात. अब्दुल काहिर अल-जुर्जानीने अकराव्या शतकात इस्तिआऱ्यावर एवढा सूक्ष्म विचार का केला, ते या एका ओळीवरून कळावे.

आता मेटॉनिमी. पाश्चात्त्य पुस्तकांतला हा एक शब्द अरबीत दोन ठिकाणी विभागला जातो.

पहिले ठिकाण मजाज मुर्सल. यात साम्य नसते, दुसरा काही संबंध असतो. सूरा यूसुफमध्ये भाऊ वडिलांना म्हणतात, *वस्अलिल्-कर्यत*, गावाला विचारा. म्हणजे गावातल्या लोकांना. आपणही ‘सारा गाव लोटला’ म्हणतोच. सूरा बकरामध्ये गडगडाटाला भ्यालेली माणसे *असाबिअहुम फी आजानिहिम*, कानांत बोटे घालतात. अख्खे बोट कानात जात नाही, टोक जाते. पूर्ण सांगून भाग सुचवला. संस्कृत घेतलेल्यांनी ‘गङ्गायां घोषः’ आठवावे. तिथला मुख्यार्थबाध आणि इथली करीना एकच काम करतात.

दुसरे ठिकाण किनाया, आणि माझ्या मते बयानमधला सर्वांत देखणा प्रकार हाच. खन्सा आपल्या भावाला, सख्रला, *कसीरुर्-रमाद* म्हणते : ज्याच्याकडे राख पुष्कळ. राख पुष्कळ, कारण लाकूड खूप जळते. लाकूड जळते, कारण स्वयंपाक मोठा असतो. स्वयंपाक मोठा, कारण पाहुणे फार. म्हणजे माणूस उदार. पण सख्रच्या दारात खरोखरच राखेचा ढीग असू शकतो! वाच्यार्थाला कोणी अडवत नाही. मजाज मुर्सल आणि किनाया यांतला फरक तो हाच, आणि शंका आली की हाच प्रश्न विचारा : शब्दशः अर्थ खरा असू शकतो का?

इम्रुउल-कैसची *नऊमुद्-दुहा*, दिवस वर येईपर्यंत झोपणारी, ही आळशी नव्हे. घरकामाला दासी असलेली, सुखवस्तू घरातली स्त्री ती. समाज माहीत नसेल तर किनाया हाती लागत नाही, म्हणून जाहिली काव्य शब्दकोशाच्या भरवशावर वाचू नका.

पुढच्या तासाला ही चार वाक्ये सोडवून आणा. प्रकार लिहा आणि त्याखाली कारण एका ओळीत द्या. मजाज असेल तिथे करीना किंवा संबंध दाखवा.

*अल्-इल्मु नूरुन* (ज्ञान प्रकाश आहे).
*अम्तरतिस्-समाउ नबातन* (आकाशातून रोपे बरसली).
*फुलानुन नकिय्युस्-सौबि* (अमक्याचे वस्त्र स्वच्छ आहे).
*वख्फिद लहुमा जनाहज्-जुल्लि* (आईवडिलांपुढे नम्रतेचा पंख झुकव).

चौथ्यात पंख कोणाचा आणि तो पक्षी कुठे गेला, हे लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण धरले जाणार नाही.